हेल्मेट मोठं नको, मापाचं घ्या

"हेल्मेट नेहमी एक नंबर मोठंच घ्या, हवा खेळती राहते. डोकं मोजायची गरज नाही, एल सगळ्यांना होतं. गाल दाबले जात असतील तर ते लहान आहे, बदलून घ्या. थोडं ढिलं असलं तर पट्टा आवळायचा, झालं काम."

असा एक मेसेज फिरतोय, आणि त्यातला सल्ला चुकीचा आहे. आधी मापाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. एल हे माप नाही. आपल्याकडे हेल्मेटवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो आणि एका कंपनीचं एल 580 तर दुसरीचं एल 600 असतं. त्यामुळे अक्षर सोडा, आकडा धरा. शिंप्याकडची कापडी टेप घ्या. भुवयांच्या साधारण बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप मागे घसरली की माप कमी येतं, म्हणून मोजायला दुसरं माणूस हवं.

माझी भाची कळव्याहून ऐरोलीला स्कूटरने कामाला जाते. तिच्याकडे 600चं हेल्मेट होतं, असाच सल्ला ऐकून घेतलेलं. ब्रेक मारला की ते भुवयांवर उतरायचं आणि विटाव्याच्या खड्ड्यांत ती एका हाताने ते वर सारायची. डोकं मोजलं तर 565 भरलं. परिघात 35 मिलिमीटरचा फरक, म्हणजे डोक्याभोवती सगळीकडून साडेपाच मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा. ती म्हणाली, "मामा, एवढंसं तर आहे!" पण आतला थर्माकोल डोक्याला लागून असेल तरच धक्का चेपून घेतो. मधे पोकळी असली तर हेल्मेट आधी आपटतं, मग डोकं आतून हेल्मेटवर आपटतं. आणि हेल्मेट फिरलं तर कपाळ नाहीतर मागची बाजू उघडीच पडते.

हवेचं म्हणाल तर वारा खेळवायला हेल्मेटला भोकं ठेवलेली असतात. ढिल्या हेल्मेटमध्ये वारा खालून शिरतो आणि पाम बीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर तेच हेल्मेट वर ओढतो.

आता गाल. या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, कारण तो ऐकून लोक योग्य हेल्मेट परत करतात. नव्या फुल फेस हेल्मेटमध्ये गाल दाबले जायलाच हवेत. दात चावल्यासारखे केले की गालाची आतली कड दातांत यावी, इतके. गालाच्या गाद्या फोमच्या असतात, काही आठवड्यांच्या वापरात त्या बसतात. आज जे गालाला सैल आहे ते दिवाळीपर्यंत डुगडुगेल.

कपाळाचं मात्र उलट आहे. तिथला फोम पातळ, त्यामागे लगेच थर्माकोल, आणि तो सैल होत नाही. म्हणून दुकानात हेल्मेट घालून किमान पंधरा मिनिटं थांबा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला आणि दुखलं, तर ते माप किंवा तो आकार तुमचा नाही. कपाळ ठीक आणि फक्त गालच असह्य होत असतील, तर त्याच मॉडेलला पातळ गाद्या मिळतात का ते विचारा. सगळ्यांना मिळत नाहीत.

भाचीला 560 दिलं तर कपाळावर वळ उठला. 580 मध्ये गाल छान वाटले, पण हेल्मेट दोन्ही हातांनी धरून मान डावी-उजवीकडे वळवली तर गाद्या कातडीवरून सरकल्या. कातडी गादीबरोबर ओढली जायला हवी. शेवटी दुसऱ्या कंपनीचं 570 बसलं. ती ओढणीची जाड गाठ मागे बांधून हेल्मेट घालायची, तीही सोडायला लावली. गाठ किंवा अंबाडा मागे आला की हेल्मेट पुढे कलतं. स्कार्फ बांधायचाच असेल तर पातळ, आणि हेल्मेट घेताना तोच बांधून बघा.

राहिला पट्टा. पट्ट्याचं काम हेल्मेट डोक्यावरून निघू न देणं, ढिलं माप घट्ट करणं नव्हे. तो हनुवटीच्या खाली गळ्याशी लागून असावा, मधे एक-दोन बोटं जेमतेम जावीत. मग कोणालातरी हेल्मेटची मागची खालची कड धरून वर आणि पुढे ओढायला सांगा. पट्टा लावलेला असूनही हेल्मेट डोळ्यांवर येऊन निघायला लागलं, तर पट्टा आणखी आवळून उपयोग नाही, गळाच आवळला जाईल. एक माप खाली या आणि पुन्हा ओढून बघा. सायकलच्या हेल्मेटलाही हीच परीक्षा. फरक इतकाच की तिथे गालाच्या गाद्या नसतात, हेल्मेटच्या मागच्या बाजूचं छोटं चाक फिरवून पकड बसवायची आणि कानाखाली दोन्ही पट्ट्या इंग्रजी व्हीसारख्या जुळवायच्या. पण ते चाकही दोन मापांचा फरक भरून काढत नाही.