‘प्रत्यय आहेत, मग शब्द कुठेही ठेवा’? अजिबात नको

«इंग्रजीत एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्थाचा अनर्थ होतो. मराठीत ती भीतीच नाही! विभक्तीप्रत्यय आहेत, शब्द कुठेही ठेवा, अर्थ तोच. ‘करून’, ‘जाऊन’, ‘पाहून’ यांना कर्ता द्यायची गरज नाही, ही संस्कृतकडून मिळालेली सवलत आहे. अडलंच तर स्वल्पविराम आहे. आणि संदर्भाने वाचणाऱ्याला सगळं कळतंच. अभिमान असेल तर पुढे पाठवा.»

हे फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचलं. ती कार्यालयात परिपत्रकांचे मसुदे लिहिते. एका मसुद्यातलं वाक्य मी तिला बदलायला सांगितलं, तर तिने उत्तरादाखल हाच मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, मराठीत चालतं गं.’ अभिमानाचं मी समजू शकते. पण या सल्ल्यावर लोकांचे पगार आणि चौकश्या ठरणार असतील तर गप्प बसणं कठीण आहे.

आधी खरं तेवढं मान्य करते. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला बोलावले’ आणि ‘विद्यार्थ्याला शिक्षकाने बोलावले’ यांत बोलावणारा बदलत नाही, फार तर भर बदलतो. हे प्रत्ययांचं श्रेय, नि:संशय. पण या वाक्यात क्रियापद एकच आहे. कार्यालयातली वाक्यं अशी नसतात. त्यांच्या पोटात आणखी एक वाक्य असतं, आणि प्रत्यय नेमका तिथेच हात वर करतो.

हे वाक्य घ्या: ‘समितीने कागदपत्रे गहाळ केल्याचा आरोप फेटाळला.’ कागदपत्रं कोणी गहाळ केली? एका वाचनात आरोप दुसऱ्या कोणावर तरी होता आणि समितीने तो फेटाळला. दुसऱ्या वाचनात आरोप समितीवरच होता आणि तो भलत्याच कोणी, समजा संचालकांनी, फेटाळला. ‘समितीने’मधला ‘ने’ दोन्ही वाचनांत बिनचूक आहे, कारण ‘गहाळ करणं’ आणि ‘फेटाळणं’ या दोन्ही क्रियापदांना कर्ता ‘ने’ लावूनच हवा असतो. शब्द कर्ता आहे एवढं प्रत्यय सांगतो, कोणत्या क्रियेचा ते सांगत नाही. ते काम जागेचं. ‘कागदपत्रे गहाळ केल्याचा आरोप समितीने फेटाळला’ असं लिहिलं की समितीची सुटका होते. आणि आरोप समितीवरच असेल, तर फेटाळणाऱ्याचं नाव वाक्यात आणावंच लागतं: ‘समितीने कागदपत्रे गहाळ केल्याचा आरोप संचालकांनी फेटाळला.’ एक शब्द हलला आणि वाक्यातला आरोपी बदलला.

काळवेळेच्या शब्दांचं तेच. ‘समितीने सोमवारी काम बंद ठेवण्याचा निर्णय घेतला’ यात सोमवारी बैठक झाली की सोमवारी सुट्टी आहे? तिथे लावलेला ‘ई’ प्रत्यय याबाबत चकार शब्द काढत नाही.

आता भाचीचं वाक्य, ज्यावरून हे सगळं सुरू झालं: ‘नव्या विभागातील कर्मचाऱ्यांना ही सवलत लागू राहील.’ तिला म्हणायचं होतं, विभागात नव्याने आलेल्यांना. मी वाचलं, नव्याने उघडलेल्या विभागातल्या सगळ्यांना, मग ते तिथे बदलून आलेले जुने लोक का असेनात. आणि गंमत अशी की हा घोळ प्रत्ययामुळेच तयार झाला आहे. ‘कर्मचाऱ्यांना’मधला ‘ना’ काढून पाहा. विभाग नवा असेल तर ‘नव्या विभागातील कर्मचारी’ होईल, आणि कर्मचारी नवे असतील तर ‘नवे’ लिहावं लागेल: ‘विभागातील नवे कर्मचारी’. ‘नवे’ आणि ‘नव्या’ या दोन रूपांतून उत्तर आपोआप मिळतं. पण कर्मचाऱ्यांना ‘ना’ लागला की त्यांचं विशेषणही सामान्यरूपात जातं आणि ‘नवे’चं ‘नव्या’ होतं. ‘नवा विभाग’ घ्या, ‘नवी शाखा’ घ्या, ‘नवे कर्मचारी’ घ्या. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की सगळ्यांचं ‘नव्या’. लिंग गेलं, वचन गेलं, आणि विशेषण नेमकं कोणाचं हे सांगणारी खूणही गेली. ‘जुना’, ‘मोठा’, ‘पहिला’ हे सगळे याच रांगेत. ‘अनुभवी’, ‘हंगामी’ यांसारख्या न बदलणाऱ्या विशेषणांना तर कधीच अशी खूण नसते. उपाय एकच: विशेषण आपल्या नामाला चिकटून ठेवा. ‘विभागातील नव्या कर्मचाऱ्यांना’ असं लिहिलं की वाद संपतो.

‘फक्त’बद्दल लांबण लावत नाही. ‘फक्त सदस्यांनी शुल्क रोखीने भरावे’ आणि ‘सदस्यांनी शुल्क फक्त रोखीने भरावे’ हे दोन वेगळे नियम आहेत. ‘च’ मात्र शब्दाला चिकटून बसतो आणि त्याच्यासोबतच फिरतो, म्हणून ‘रोखीनेच’ लिहिणाऱ्याला थोडी निश्चिंती असते. एवढी सवलत मराठीत आहे, घ्या.

आता त्या ‘संस्कृतकडून मिळालेल्या सवलती’बद्दल. हे वाचून मी खरंच कपाळावर हात मारला. मराठीत जे काम ‘ऊन’ करतो ते संस्कृतात ‘त्वा’ करतो: गत्वा, कृत्वा, दृष्ट्वा. त्यावर पाणिनीचं सूत्र आहे, अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं एकविसावं: ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’. दोन क्रियांचा कर्ता एकच असेल, तर त्यांतल्या आधी घडणाऱ्या क्रियेला हा प्रत्यय लावायचा. सवलत बाजूलाच राहिली, ही तर अट आहे, आणि तीही नियमाच्या पहिल्याच शब्दात. ज्या परंपरेचा हवाला देताय तिनेच कर्ता एक ठेवायला सांगितलंय.

सूत्रातला ‘कर्ता’ म्हणजे क्रिया करणारा, हेही ध्यानात घ्यायला हवं. म्हणूनच ‘अर्ज तपासून यादी जाहीर करण्यात येईल’ हे वाक्य निर्दोष आहे. कर्ता वाक्यात दिसत नाही, पण तपासणारं आणि जाहीर करणारं कार्यालय एकच आहे. अडचण ‘करण्यात येईल’ या साच्यात तिसरा माणूस शिरला की सुरू होते. हे वाक्य पाहा:

‘सेवापुस्तकातील नोंदींची खात्री करून कर्मचाऱ्यांना थकबाकी देण्यात येईल.’

खात्री कोणी करायची? नियमाने पाहिलं तर जो देणार त्याने, म्हणजे लेखा विभागाने. पण याच साच्यात आपण रोज ‘प्रशिक्षण पूर्ण करून उमेदवारांना नियुक्तीपत्र देण्यात येईल’ असंही लिहितो, आणि तिथे प्रशिक्षण कार्यालय घेत नाही, उमेदवार घेतात. म्हणजे एकाच साच्याची दोन परस्परविरुद्ध वाचनं वाचणाऱ्याच्या सवयीची झालेली असतात. मग थकबाकीच्या वाक्याचं काय होतं? कर्मचारी समजतो, खात्री विभाग करील. विभाग समजतो, कर्मचाऱ्याने नोंदी तपासून कळवायचं होतं. नोंद चुकीची निघाली की दोघंही तेच परिपत्रक पुढे करतात, आणि दोघांचंही वाचन टिकतं. दुरुस्तीला फार तर अर्धी ओळ जास्त लागते: ‘लेखा विभाग नोंदींची खात्री करून थकबाकी देईल.’ किंवा: ‘कर्मचाऱ्यांनी नोंदींची खात्री करून लेखा विभागाला कळवावे, त्यानंतर थकबाकी देण्यात येईल.’ पहिल्यात जबाबदारी एकाची, दुसऱ्यात दुसऱ्याची. मूळ वाक्यात ती कोणाचीच नव्हती.

आता कुणी म्हणेल, ‘भिंत कोसळून तिघे जखमी झाले’ हे तर आपण सर्रास लिहितो. कोसळली भिंत, जखमी झाली माणसं, कर्ते दोन. बरोबर आहे, आणि इथे मराठी पाणिनीच्या सूत्रापेक्षा सैल आहे हेही कबूल. पण हा सैलपणा कुठे चालतो ते पाहा. पहिली घटना दुसरीचं कारण आहे, आणि दोन्ही आपोआप घडलेल्या आहेत, कोणी मुद्दाम केलेलं काही नाही. आता एकच शब्द बदला: ‘भिंत पाडून तिघे जखमी झाले.’ पाडण्याला पाडणारा लागतो, आणि वाक्यात माणसं म्हणून तेवढे तिघेच आहेत, त्यामुळे भिंत त्यांच्याच नावावर चढते. भिंत पाडली ठेकेदाराच्या माणसांनी आणि जखमी झाले वाटसरू, पण अपघाताच्या अहवालात हे वाक्य गेलं तर वाटसरूच दोषी दिसतील. इथे ‘पाडताना’ लिहूनही भागत नाही, कारण ‘ताना’ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो आणि तो दिला नाही तर वाचणारा मिळेल तो उचलतो. ‘निरीक्षकांना कर्मचारी बाहेर जाताना दिसला’ यात बाहेर कोण चाललं होतं, निरीक्षक की कर्मचारी? उलटतपासणीत हा प्रश्न हमखास येईल. ‘ठेकेदाराच्या कामगारांनी भिंत पाडली तेव्हा तीन वाटसरू जखमी झाले’ असं सरळ लिहावं. दिसायला साधं आहे, पण कोणी काय केलं ते त्यात आहे.

ओळखायचं कसं, तर मसुद्यातल्या प्रत्येक ‘ऊन’, ‘ताना’ आणि ‘ल्यावर’पाशी थांबून ‘कोण?’ असं विचारायचं. उत्तर वाक्यातून आलं तर ठीक. आपल्या डोक्यातून आलं तर वाक्य बदलायचं.

स्वल्पविरामाचं एका वाक्यात उरकते: ‘समितीने, कागदपत्रे गहाळ केल्याचा आरोप फेटाळला’ यातला स्वल्पविराम मदत करतो, पण मजकूर पुन्हा टंकताना पहिला बळी त्याचाच जातो आणि मोठ्याने वाचताना तो ऐकूच येत नाही.

राहिला संदर्भ. ‘नव्या विभागातील’ वाचताना भाचीला दुसरा अर्थ दिसलाच नाही, कारण संदर्भ तिच्याजवळ होता. बैठकीला तीच बसली होती. परिपत्रक मात्र जो बैठकीला नव्हता त्याच्यासाठीच काढलेलं असतं. तो ते दोन वर्षांनी फाइलमधून काढतो, तोवर विभागाचं नाव बदललेलं असतं, मसुदा लिहिणारीची बदली झालेली असते आणि सवलतीचा अर्ज त्याच्या टेबलावर असतो. त्याच्याजवळ संदर्भ म्हणून तेवढं एकच वाक्य असतं.