सणाचा सेल, दोन भाषा आणि तीस हॅशटॅग

“सेलची पोस्ट टाकताय? वर इंग्रजीत छान शुभेच्छा, खाली त्याचंच मराठी भाषांतर, आणि शेवटी तीसच्या तीस हॅशटॅग भरा, तेही इंग्रजीच. मराठी हॅशटॅग कुणी शोधत नाही.” इन्स्टाग्रामवर माल विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना असा सल्ला मिळतो.

तीसचं आधी मिटवू. तीस ही इन्स्टाग्रामची वर्षानुवर्षं कमाल मर्यादा होती, शिफारस कधीच नव्हती. २०२१ मध्ये त्यांच्याच क्रिएटर्स खात्याने तीन ते पाच टॅग वापरा असं सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये तर हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच बंद झाली. त्यामुळे मोठ्या टॅगच्या जोरावर अनोळखी लोकांच्या फीडमध्ये आपोआप पोचण्याचा मार्ग संपला. आता टॅग उरला तो शोधणाऱ्यासाठी, आणि पोस्ट कशाबद्दल आहे हे ॲपला कळावं म्हणून. त्याला मोजके, नेमके टॅग पुरतात.

पण मराठी टॅग निरुपयोगी हे मला अजिबात मान्य नाही. बरेच मराठी लोक रोमन लिपीत शोधतात, हे खरं. म्हणूनच दोन्ही लिपींतले टॅग ठेवायचे. #दिवाळी, #दिवाली आणि #Diwali हे तीन वेगळे टॅग आहेत. एकात टाकलेली पोस्ट दुसऱ्यात दिसत नाही. नुसत्या #Diwali मध्ये छोट्या दुकानाची पोस्ट बघता बघता खाली जाते. टॅग ठरवण्याआधी तो ॲपच्या शोधपट्टीत टाइप करून वरच्या पोस्ट उघडून बघा. तिथे आपल्यासारखा माल दिसत असेल तर टॅग कामाचा. नुसती शुभेच्छापत्रं दिसत असतील तर सोडून द्या.

मराठी टॅग ‘चालत नाही’ असं वाटण्याचं एक कारण अगदी साधं असतं: तो तुटलेला असतो. टॅगमध्ये जागा, जोडरेघ किंवा टक्केवारीचं चिन्ह चालत नाही. #दिवाळी-सेल असं लिहिलं की टॅग होतो फक्त #दिवाळी, पुढचा ‘सेल’ साधा मजकूर म्हणून उरतो. पोस्ट केल्यावर रंग बघा: जिथे निळा संपला तिथे टॅग संपला. जोडायचंच असेल तर खालची रेघ घ्या, #दिवाळी_सेल. इंग्रजीत #DiwaliSale असं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना शब्द सुटे ऐकू येतात.

खरं नुकसान मात्र कॅप्शनमध्ये होतं. फीडमध्ये कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘more’च्या मागे जातं. तिथे शुभेच्छा भरल्या की सेल कशावर आहे हेच दिसत नाही, आणि मराठी मजकूर तर त्याहून खाली. समजा, सुती कुर्त्यांचा तीन दिवसांचा सेल आहे. मी असं लिहीन:

```
सुती कुर्त्यांवर २०% सूट, ६ ते ८ नोव्हेंबर.
नव्या मालावर सूट नाही. मागवायला मेसेज करा.

20% off cotton kurtas, 6–8 November.
New arrivals not included. Message us to order.

#दिवाळी_सेल #सुती_कुर्ते #DiwaliSale #CottonKurta
```

इंग्रजी मजकूर इथे मराठीच्या खाली आला, तरी तो स्वतःपुरता पूर्ण आहे. कोण आधी, हे आपलं गिऱ्हाईक मेसेज कोणत्या भाषेत करतं त्यावर ठरवा. एक ओळ मराठी, एक ओळ इंग्रजी अशी सरमिसळ मात्र नको. दोन्ही वाचकांना अर्ध्या ओळी ओलांडत जावं लागतं. शुभेच्छा द्यायच्या तर शेवटी द्या, किंवा त्यांची वेगळी पोस्ट करा. वाक्यं शब्दाला शब्द जुळवायची गरज नाही, पण सूट किती, कशावर, कधीपर्यंत आणि मागवायचं कसं, या चार गोष्टी दोन्हीकडे तंतोतंत एक हव्यात.

गडबड नेमकी इथेच होते. इंग्रजीत ‘up to 20%’ आणि मराठीत घाईत ‘२०% सूट’ असं गेलं, की मराठी वाचणारं गिऱ्हाईक प्रत्येक कुर्त्यावर वीस टक्के मागतं. त्याचं काही चुकत नाही, आपणच त्याला तसं सांगितलेलं असतं. भाषांतर आपण स्वतः केलं असेल तर ही चूक डोळ्यांना दिसत नाही. त्यापेक्षा फक्त मराठी भाग एकाला आणि फक्त इंग्रजी भाग दुसऱ्याला वाचायला द्या, आणि दोघांनाही हे चार प्रश्न विचारा. उत्तरं वेगळी आली तर पोस्ट थांबवा. कॅप्शनमधली लिंक इन्स्टाग्रामवर दाबून उघडत नाही, म्हणून मागवण्याची रीत शब्दांत लिहा, दोन्ही भाषांत.

आठ तारखेच्या रात्री कॅप्शन एडिट करून पहिल्या ओळीत ‘सेल संपला’ आणि इंग्रजी भागाच्या वर ‘Sale ended’ टाका. टॅगवरून शोधत येणारे त्यानंतरही येत राहतात.