नवरीच्या मेकअप स्टुडिओचे बारसे कसे करावे

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा एखाद्या गावात आपण नवरीच्या मेकअपचा स्टुडिओ काढणार असाल, तर एक पथ्य सुरुवातीलाच पाळावे, ते म्हणजे स्टुडिओचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडात बसता कामा नये. आपल्याकडे लग्नाची कामे अजूनही तोंडोतोंडी ठरतात. हळदीच्या मांडवात कुणाची तरी मावशी नवरीला निरखून पाहते, शेजारणीला विचारते, "मेकअप कोनी करा व माय?", आणि त्या एका प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या हंगामातल्या दोन-तीन तारखा दडलेल्या असतात. शेजारणीला दोन-चार अक्षरांचे सोपे नाव सांगता आले, तर त्या तारखा आपल्या गळ्यात पडतील. ही आपत्ती टाळण्यासाठी नाव लांब, इंग्रजी आणि शक्यतो अर्धे फ्रेंच असावे.

उदाहरणादाखल 'आराध्याज ग्लॅम स्टोरी ब्रायडल मेकअप स्टुडिओ अँड अकॅडमी' हे नाव घेऊ. यात दुकानमालकीण आहे, कथा आहे, शिकवणीवर्ग आहे. नवरी तेवढी घाईघाईने वाचताना नजरेस पडत नाही. इंग्रजीत लिहिताना 'आराध्या'च्या आरंभी दोन ए, शेवटीही दोन ए, त्यापुढे एक लोंबता स्वल्पविराम आणि एस ऐवजी झेड घालावा. मग इन्स्टाग्रामवर आपल्याला शोधू पाहणारी मुलगी आधी सरळ स्पेलिंग टाकेल, तिला नाशिकची कुणीतरी सापडेल आणि ती तिथेच बोलणी करून मोकळी होईल. ज्यांना चिकाटीने आपल्यापर्यंत पोहोचायचेच असते, अशा आया आणि काकू आपला नंबर 'मेकअपवाली कोर्टाजवळ' या नावाने जतन करतात. एवढा खर्च करून घेतलेले नाव त्यांच्या फोनमध्ये कुठेच नसते, आणि आपली खरी ओळख कोर्टाच्या इमारतीने दिलेली असते.

ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांनी आडनाव वापरावे. जळगाव जिल्ह्यात 'पाटील मेकअप' असे नाव ठेवल्यास गिऱ्हाइकाच्या फोनमधील वीस पाटलांच्या रांगेत आपण सुखाने हरवून जाल. माहेरचे आडनाव लावून धंदा उभा केला आणि पुढे लग्न झाले, तर सासरचे आडनाव लावून दुसरी पाटी करावी, म्हणजे जुनी गिऱ्हाइके आपल्याला आपलीच प्रतिस्पर्धी समजतील.

आता पाटीकडे वळू, कारण खरे कौशल्य तिथेच लागते. दुकानावर १० फूट रुंद आणि ३ फूट उंच फ्लेक्स बसतो असे धरू. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे की सहज वाचता यावे यासाठी दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची सुमारे १ इंच हवी. म्हणजे ६० फुटांवरून, रस्त्याच्या पलीकडून, दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला नाव दिसायचे तर अक्षर ६ इंचांचे पाहिजे. आपल्या वरील नावात २५ अक्षरे आणि सात मोकळ्या जागा आहेत. १२० इंचांच्या रुंदीत ते एका ओळीत बसवले तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला चार इंचसुद्धा येत नाहीत, आणि वर दोन्ही बाजूंना नवरीचे फोटो, खाली एचडी, एअरब्रश, हेअरस्टाईल, मेहंदी, साडी ड्रेपिंग यांची यादी आणि तीन मोबाईल नंबर टाकले की नाव दोन इंचांवर येते. तीन अक्षरी नाव ठेवणाऱ्या अरसिक बायका त्याच फ्लेक्सवर फूटभर उंचीचे अक्षर आरामात बसवतात आणि रस्त्यापलीकडूनच ओळखल्या जातात, हे आपण मनाला लावून घेऊ नये.

रंग अर्थातच रोझ गोल्ड निवडावा. मोबाईलच्या पडद्यावर तो चमकतो, कारण पडदा स्वतः उजेड देतो. फ्लेक्सच्या नेहमीच्या यंत्रात मात्र सोनेरी शाई नसते. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाया मिसळून जो काही रंग निघतो तो पिठल्याच्या जवळचा असतो. तो फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर, केसाइतक्या बारीक, वेलबुट्टीदार अक्षरांत छापून घ्यावा. त्यानंतर भुसावळ-जळगावचा मे महिना आपले काम चोख करतो: ४५ अंशांच्या उन्हात पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी-काळी मागे राहते, आणि दोन उन्हाळ्यांत पाटीवरची नवरी निळसर पडते. गडद मरून पार्श्वभूमीवर जाड पांढरे अक्षर घेतले असते तर मरूनही विटला असता, पण नाव वाचता आले असते. नेमका तोच धोका आपल्याला पत्करायचा नाही.

पाटी फक्त इंग्रजीत करण्याची हौस मात्र जपून करावी. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी लागू आहे; मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. आपल्याकडे यावर उपाय म्हणून इंग्रजी पाटी झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात मराठी चिकटवण्याची पद्धत आहे. ती कायद्यात बसत नाही, पण दोन वेळा पाटी करण्याचा आनंद देते.

बोधचिन्हाबाबत फार डोके खाजवू नये. मिटलेला डोळा, लांब पापण्या, बाजूला कमळ आणि भोवती पानांचे गोल कडे हा तयार नमुना ॲपमध्ये मिळतोच. तो धुळ्यातल्या, नंदुरबारातल्या आणि आपल्याच गल्लीतल्या आणखी एकीने घेतलेला असेल, हे त्याच्या लोकप्रियतेचे लक्षण मानावे. व्हॉट्सॲपच्या यादीत हे चिन्ह नखाएवढ्या गोलात दिसते. तिथे पापण्यांची जाळी होते, खालचे नाव गोलाच्या कडेने कापले जाते आणि उरतो तो एक गुलाबी डाग. कुणी सुचवेल की चिन्ह आधी नखाएवढे छापून बघा, काळ्या एका रंगात बघा, डब्यावर आणि पावतीच्या शिक्क्यावर उमटते का ते बघा. असल्या लोकांना उद्घाटनाला बोलावू नये.

फोटोसाठी परप्रांतीय लेहंग्यातली, इंटरनेटवरून उतरवलेली गोरीपान मॉडेल लावावी. आपल्याकडे येणारी नवरी सावळी असेल, शालू नेसणार असेल, तिच्या कपाळावर मुंडावळ्या असतील आणि दुपारच्या मुहूर्ताला घामाने तिचा बेस फुटतो की टिकतो, हेच तिच्या आईला बघायचे असेल. परंतु आपल्या हातचा मुंडावळ्यांखालचा चेहरा पाटीवर दाखवला तर तिला ते लगेच कळेल, आणि मग बोलण्यासारखे काही उरणार नाही.

शेवटचे पथ्य म्हणजे नाव ठरवण्यापूर्वी कुठेही तपासू नये. सौंदर्यसेवा ट्रेडमार्कच्या वर्ग ४४ मध्ये येतात आणि नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोध घेता येतो, म्हणूनच तो घेऊ नये. तसेच, इन्स्टाग्रामवर आणि गुगलच्या नकाशावर 'ग्लॅम स्टोरी' टाकून जळगाव-धुळ्यात किती जणी निघतात हेही पाहू नये. मग ऐन वैशाखात एका अनोळखी नवरीची आई आपल्याला फोन करून, कुणा दुसऱ्याच ग्लॅम स्टोरीने मुहूर्ताच्या दिवशी दांडी मारल्याबद्दल, अर्धा तास फैलावर घेईल. त्या रात्री फ्लेक्सवाल्याला गाठावे आणि पाटीच्या तळाशी 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ टाकायला सांगावी. त्यासाठी नावाचे अक्षर आणखी अर्धा इंच लहान करावे लागेल, तेवढे चालवून घ्यावे.