पितृपक्षात कॉन्टेस्ट लावणाऱ्याला कोपरापासून नमस्कार

दुचाकीच्या शोरूमला सेल्समध्ये आहे, गेल्या दिवाळीचं अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. २०२५ ला ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि आमच्या साहेबांनी मुहूर्त साधून त्याच दिवशी 'फेस्टिव्ह धमाका' कॉन्टेस्ट जाहीर केली. पहिल्याला गोवा ट्रिप, दुसऱ्याला मोबाईल, दर सोमवारी सकाळी ग्रुपवर लीडरबोर्ड. अहो पण पितृपक्षात गाडी घेतंय कोण? त्यात २२ पासून जीएसटी २८ चा १८ होणार हे पेपरात येऊन गेलेलं. सत्तर हजार मूळ किमतीच्या गाडीवर सरळ सात हजार वाचतात, गिऱ्हाईक काय येडं आहे का आधी घ्यायला? तरी सोमवारी बोर्ड आलाच, माझं नाव तळाला, लाल रंगात, समोर शून्य.

बरं, बुकिंग भरपूर होती हो! रूल म्हणे सुरुवातीला बुकिंगला पॉइंट, म्हणून आम्ही जीव तोडून टोकन घेतली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नवा मेसेज, आता पॉइंट फक्त डिलिव्हरीला, तेही पासिंग झालेल्या, आणि हा नियम पहिल्या दिवसापासून लागू. म्हणजे मॅच संपत आली की स्टंप हलवायचे!

आता पासिंग काय माझ्या हातात आहे? दरवर्षी मुहूर्ताच्या गाडीचे कागद आपण आधीच करून ठेवतो, पण या वेळी २२ च्या आधी बिल फाडलं की २८ टक्के लागणार, त्यामुळे सगळी बिलं एकाच दिवशी, ऑफिसात कागद करणारी मुलगी एकच आणि तिच्या टेबलावर फायलींचा हा एवढा ढीग. एका काकांचं लोन पास, डाउन पेमेंट भरलेलं, फायनान्सवाल्याचा डीओ, म्हणजे गाडी सोडायचं पत्र, संध्याकाळपर्यंत आला नाही. काका हार आणि पेढे घेऊन चार तास बाकड्यावर, शिव्या मला, पॉइंट कोणालाच नाही.

आणि स्टॉक! काळा डिस्कवाला मॉडेल सगळ्यांना हवा, तो पहिला मेन शोरूमला, आमच्या ब्रांचला उरलेले लाल ड्रमवाले. मग वर मेन शोरूमचीच पोरं असणार ना, गणित आहे का काय त्यात? टार्गेटच्या टक्क्यावर नंबर लावा म्हणून मी मीटिंगला बोललो तर साहेब म्हणाले, 'निगेटिव्ह बोलू नको.'

शेवटी धनत्रयोदशी झाल्यावर कळलं की गोवा ट्रिपला आणखी एक अट आहे, प्रत्येक गाडीला ॲक्सेसरीज आणि इन्शुरन्स शोरूमचाच पाहिजे. म्हणजे पहिला आलेला पोरगाही बाद! त्याला मिळालं गिफ्ट व्हाउचर, त्याचाही टॅक्स पगारातून कापला.

परवा यंदाच्या कॉन्टेस्टचं पोस्टर ग्रुपवर आलं. मी अंगठा टाकला नाही तर दहा मिनिटांत साहेबांचा पर्सनलवर मेसेज, 'रिअॅक्ट का नाही केलं?'