बटाटा गोड होतो थंडीने, हिरवा होतो उजेडाने

«गोड लागणारा बटाटा म्हणजे केमिकल मारलेला, तो घेऊ नका. हिरवा बटाटा कच्चा असतो, नीट उकळला की त्यातलं विष निघून जातं. बाजारातून आणल्या आणल्या सगळे बटाटे फ्रीजमध्ये ठेवा, मग ते गोडही होत नाहीत आणि हिरवेही होत नाहीत. सर्वांना पाठवा.»

श्रावण लागला की हा मेसेज नाशिकच्या घराघरांत फिरतो, कारण उपवासाच्या तळणीत बटाट्याचा दोष लगेच दिसतो. पण त्यात सांगितलेला उपायच बटाटा गोड करणारा आहे.

आधी गोडीचं पाहू. बटाटा काढल्यावरही जिवंत असतो, त्याचा श्वास चालू असतो. साधारण आठ-दहा अंशांच्या खाली गेला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि ती खर्च होण्यापेक्षा जास्त वेगाने साठते. पावसाळ्यात आपल्याकडे येणारा बराच माल उत्तरेतला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढलेला तो बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये दोन ते चार अंशांवर महिनोन् महिने राहिलेला असतो. गोडी तिथेच येते.

केमिकलचं म्हणाल, तर कोंब फुटू नयेत म्हणून काही शीतगृहांत औषधाचा धूर देतात, हे खरं आहे. पण वेफर्सच्या कारखान्यांसाठीचा माल त्यामुळेच दहा-बारा अंशांवर ठेवता येतो. एवढ्या उबेत एरवी कोंब फुटले असते, ते औषधाने थांबतात आणि बटाटा फारसा गोडही होत नाही. म्हणजे चव गोड आहे यावरून औषध मारल्याचं अजिबात ठरत नाही.

आता श्रावणी सोमवारचा किस घ्या. पाच किलो बटाटे आणले, मेसेज वाचून फ्रीजमध्ये टाकले आणि दोन आठवड्यांनी किसून तळले. तेलात पडताच किस तपकिरी झाला, कडांना काळपट, चवीला गोडसर आणि मागून कडू. तेल जुनं नव्हतं, आचही मोठी नव्हती. साठलेली साखर आणि बटाट्यातली अमिनो आम्लं गरम तेलात एकत्र आली की असा रंग चढतो. असा माल ओळखायला आधी एकाच बटाट्याच्या चार काचऱ्या तळून पाहाव्यात. त्या फिकट सोनेरी राहिल्या तर बाकीचे किसायला घ्या. तपकिरी झाल्या तर बटाटे बाहेर टोपलीत, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवा. पंधरा ते वीस अंशांत साखर चांगली उतरते. श्रावणात नाशिकची हवा याहून थोडी उबदार असते, तरी फरक पडतो, फक्त कोंबांवर लक्ष ठेवावं लागतं. शीतगृहात फार महिने काढलेला माल मात्र पूर्ववत होईलच असं नाही. तेवढा वेळ नसेल तर तो तळू नका, उकडून भाजी करा. थोडा गोड लागेल, पण अपाय नाही.

हिरवेपणाचं कारण अगदी वेगळं आहे. हिरवा बटाटा कच्चा नसतो, त्याला उजेड लागलेला असतो. ऊनच पाहिजे असं नाही, दुकानातल्या ट्यूबचा उजेडही पुरतो. तो हिरवा रंग पानांतलाच, निरुपद्रवी. पण त्याच उजेडाने सालीत आणि सालीखाली सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यं वाढतात. कोंबांत आणि डोळ्यांत ती जास्त असतात. मेसेजमधला सर्वांत घातक भाग इथे आहे: उकळून किंवा तळून ही द्रव्यं नष्ट होत नाहीत. जास्त पोटात गेली तर काही तासांत मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. हिरवा ठिपका लहान असेल तर साल जाड काढा, तो भाग आणि डोळे खोलवर कोरून टाका. बराच भाग हिरवा असेल किंवा शिजल्यावर कडू लागला, घशात चरचरलं, तर ते ताट बाजूला सारा. मुलांना तर देऊच नका. ती सालं गाईपुढेही टाकू नका.

फ्रीजमध्ये अंधार असतो, म्हणून तिथे हिरवेपणा टळतो, एवढं मेसेजमधलं खरं. पण अंधार टोपलीवर गोणपाट टाकूनही मिळतो. बटाटे न धुता, कापलेले-ठेचलेले वेगळे काढून टोपलीत ठेवा आणि टोपली घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर कोपऱ्यात जमिनीलगत ठेवा. माळ्यावर नको, मे महिन्यात स्लॅबखाली भट्टी असते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून ते सडतात. आपल्या घरांत कांदा भरपूर, पण त्याची पाटी वेगळी ठेवा: कांद्याला कोरडी मोकळी हवा लागते, बटाट्याला अंधार आणि थोडा ओलावा चालतो, आणि एक सडला की दुसऱ्याला लागतो. आठवड्यातून एकदा टोपली उपसून मऊ पडलेले काढा. उन्हाळ्यात दोन आठवड्यांपुरतेच बटाटे आणा.