गॅप सोडा रे... पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवणाऱ्यांसाठी लिहितोय

मागून ठोकल्याचा कुठलाही किस्सा ऐका, त्यात एक वाक्य हमखास असतं, "पुढच्याने अचानक ब्रेक मारला." आणि हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पुढच्याने ब्रेक खरंच अचानक मारलेला असतो. कुत्रं आडवं येतं, ट्रकचा टायर फुटतो, टोलच्या अलीकडे लाईन लागलेली असते. पण ब्रेक अचानकच लागतो हो, आधी फोन करून कोण लावतं? प्रश्न असा आहे की तो लागला तेव्हा तुमच्या आणि त्याच्या मधे किती जागा होती, आणि ती जागा ठरवणारा रस्त्यावर एकच माणूस असतो, तो म्हणजे मागचा. पुढच्याच्या हातात ते अंतर नसतंच. म्हणून मला टेलगेटिंग, म्हणजे हे शेपटीला लागून चालवणं, अपघात झाला तरच चूक असं वाटत नाही. ते चालू असतं तेव्हाच चूक असते, भले त्या दिवशी काही न होता तुम्ही घरी पोचाल.

थोडा हिशोब करू, कंटाळू नका. ताशी 80 ला गाडी एका सेकंदात साधारण 22 मीटर जाते. आता एक्सप्रेसवेवर रोज दिसतं तसं धरा, दोन कार, दोन्ही 80 ला, मधे 10 मीटर. बऱ्याच जणांना हे 10 मीटर भरपूर वाटतात कारण सिग्नलला उभं असताना तेवढ्यात दोन गाड्या मावतात. पण 80 ला 10 मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी. पुढच्याने जोरात ब्रेक लावला. तुमच्या डोळ्याला लाल लाईट दिसणार, मेंदूला कळणार, पाय ॲक्सिलरेटरवरून उठून ब्रेकवर जाणार, लक्ष पूर्ण रस्त्यावर असलेल्या माणसालाही यात सेकंद-सव्वा सेकंद जातो. तेवढ्या वेळात तुमची गाडी त्याच 80 ला चालू असते आणि पुढचा आलेला असतो 50 च्या आसपास. 10 मीटरचे उरतात 5. आता तुमचा ब्रेक लागला, एकदम कडक लागला, त्याच्याइतकाच चांगला लागला, तरी तुमच्या दोघांच्या स्पीडमधला 30 चा फरक तसाच राहतो कारण आता दोघेही सारख्याच वेगाने हळू होताय. ते 5 मीटर अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतात आणि तुम्ही 30 च्या फरकाने त्याच्या डिकीत. ब्रेक चांगले, टायर नवीन, ड्रायव्हर तरबेज, काही उपयोग नाही, कारण ठोकर ब्रेकमुळे झालेलीच नाही, ती पाय उचलण्याआधीच ठरून गेलेली.

"माझे रिफ्लेक्सेस फास्ट आहेत" म्हणणाऱ्यांनी वरचा पॅरा परत वाचावा प्लीज.

आता त्याच दोन गाड्यांमधे दोन सेकंद ठेवा, म्हणजे 80 ला साधारण 44 मीटर. तोच ब्रेक, तेवढाच उशीर. दोघंही थांबेपर्यंत तुम्ही जास्तीचे 26-27 मीटर खाता, म्हणजे थांबल्यावरसुद्धा मधे 17-18 मीटर शिल्लक. काही घडलंच नाही, शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा सांडला असेल फार तर.

दोन सेकंद मोजायचे कसे, तर मीटरचा विचारच करायचा नाही, चालत्या गाडीतून 44 मीटर कोणालाच नीट कळत नाहीत, मलाही नाही. रस्त्याच्या कडेची एखादी न हलणारी गोष्ट पकडायची, किलोमीटरचा दगड, विजेचा खांब, बोर्ड, नाहीतर पुलाची सावली. पुढच्या गाडीचा मागचा भाग तिथून गेला की मनात सावकाश म्हणायचं, एक हजार एक, एक हजार दोन. "दोन" पुरं व्हायच्या आत तुमचं बॉनेट त्या खांबाशी पोचलं तर तुम्ही जवळ आहात, ॲक्सिलरेटर थोडा सोडा आणि पुढच्या खांबाला परत मोजा. याची खरी गंमत म्हणजे वेगाप्रमाणे अंतर आपोआप बदलतं. 40 ला हेच दोन सेकंद 22 मीटर होतात आणि 100 ला साडेपंचावन्न, तुम्हाला काही पाठ करावं लागत नाही. पावसात चारपर्यंत मोजायचं. आपल्याकडे जुलैमधे ट्रकच्या मागून उडणारं पाणी काचेवर आलं की वायपर एकदा फिरेपर्यंत पुढचं काही दिसत नाही, आणि रस्ता ओला म्हणून ब्रेकलाही अंतर जास्त लागतं, दोन्हीकडून मार.

आणि एक गोष्ट फार कमी जण सांगतात म्हणून जरा थांबून लिहितो. दोन सेकंद हे कमीत कमी आहेत आणि त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की पुढचाही ब्रेक लावूनच थांबणार, म्हणजे त्यालाही थांबायला अंतर लागणार. पण पुढची एसयूव्ही ब्रेक लावतच नाही, शेवटच्या क्षणी झटकन लेन बदलते आणि समोर तुम्हाला बंद पडलेला ट्रक उभा दिसतो, इंडिकेटर नाही, मागे लाल त्रिकोण नाही, रात्री तर फांदी ठेवलेली असते नाहीतर दगड. तेव्हा तुमच्याकडे ते 44 मीटरच आहेत आणि 80 वरून पूर्ण थांबायला, पाय हलायचा उशीर धरून, कोरड्या रस्त्यावर साठेक मीटर लागतात. पुरत नाहीत! म्हणून पुढच्या गाडीच्या पलीकडचं दिसत नसेल, कंटेनर असेल, बस असेल, उंच एसयूव्ही असेल, तर दोनवर थांबू नका, तीन-चार ठेवा. मागे सरकलं की त्या कंटेनरच्या बाजूने लांबचा रस्तापण दिसायला लागतो, जवळ असताना दिसते फक्त त्याची नंबर प्लेट.

आता कायद्याचं. आपल्याकडे 1989 च्या रस्त्याच्या नियमांतच लिहिलेलं होतं की पुढची गाडी अचानक हळू झाली किंवा थांबली तरी टक्कर होणार नाही इतकं पुरेसं अंतर मागच्याने ठेवावं. ते "अचानक" नीट वाचा. म्हणजे "अचानक ब्रेक मारला" हे मागच्याचं कारण होऊच शकत नाही, नियम बनवलाच आहे त्या अचानकसाठी. 2018 मधे सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण होतं, कार ट्रकच्या मागे 10 ते 15 फुटांवर चालली होती, ट्रकने ब्रेक लावला, कार धडकली, कारमधली बाई गेली. घरच्यांनी ट्रकवाल्याला दोषी धरून भरपाई मागितली. कोर्टाने हाच नियम पुढे ठेवला आणि सांगितलं की 10-15 फूट हे सुरक्षित अंतर नाही, ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा त्यातून सिद्ध होत नाही. 15 फूट म्हणजे साडेचार मीटर, ताशी 40 धरला तरी अर्धा सेकंदसुद्धा नाही. एवढ्या अंतरावर कोणीच थांबू शकत नाही, म्हणून ते अंतर ठेवणं हाच निष्काळजीपणा.

पण म्हणून पुढचा कायम सुटतो असंही नाही, आणि हे मला योग्य वाटतं. 2017 मधे कोइमतूरजवळ इंजिनीअरिंगचा एक मुलगा बाईकवर होता, पुढच्या कारने हायवेवर मधेच अचानक ब्रेक लावला, हा मागून धडकून पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली, डावा पाय कापावा लागला. कारवाल्याचं म्हणणं, बायको गरोदर होती, तिला मळमळायला लागलं म्हणून थांबलो. जुलै 2025 मधे सुप्रीम कोर्टाने दोष वाटून दिला, कार 50 टक्के, बस 30 टक्के आणि मुलगा स्वतः 20 टक्के. कारवाल्याला सांगितलं की अडचण असली तरी हायवेच्या मधे खूण न करता असं थांबता येत नाही. पण मुलालाही सोडलं नाही, त्याने पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं आणि वैध लायसन्सही नव्हतं. भरपाई धरली होती साधारण 1 कोटी 14 लाख, त्यातले 20 टक्के त्याच्या वाट्याचे म्हणून कापले आणि हातात यायचे 91 लाखांच्या आसपास राहिले. पाय गेलेल्या पोराचे 22-23 लाख. वाचून वाईट वाटतं, पण तत्त्व मला पटतं.

इंग्लंडमधे तर ठोकायचीही वाट बघत नाहीत. फार जवळून चालवणं हे तिकडे केअरलेस ड्रायव्हिंगचं ठरलेलं उदाहरण आहे आणि 2013 पासून पोलीस जागेवरच 100 पाउंड दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट लावू शकतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 184 आहे, धोकादायक ड्रायव्हिंगचं. 2019 ला त्यात सिग्नल तोडणं, मोबाईल, उलट्या दिशेने चालवणं हे नाव घेऊन आलं. अंतर न ठेवणं नाव घेऊन आलेलं नाही, ते "सावध ड्रायव्हरकडून जे अपेक्षित आहे त्याच्या फारच खाली" या शेवटच्या वाक्यात बसवावं लागतं. माझं म्हणणं आहे की हेही स्पष्ट लिहायला हवं. ओव्हरस्पीडचं चलन घरी येतं म्हणून लोक कॅमेरा दिसला की हळू होतात, पण 78 ला 6 मीटरवर चिकटून चालणाऱ्याला सहसा चलन येत नाही, आणि त्याला मनापासून वाटतं की आपण नियमात आहोत.

आता नेहमीचं उत्तर येईल, "गॅप सोडला की दुसरा घुसतो." घुसतो, मान्य, रोज घुसतो. तो घुसला की तुम्ही परत दोन सेकंद मागे व्हायचं. म्हणजे एका घुसणाऱ्याचा खर्च साधारण दोन सेकंद. पुणे ते मुंबई वीस जण घुसले तरी चाळीस सेकंद उशीर. चाळीस सेकंद! फूडमॉलला चहाच्या लाईनीत यापेक्षा जास्त जातात. आणि चिकटून चालवणारा लवकर पोचतो असंही नाही, तो पुढच्याच्याच स्पीडने जातो, फक्त 40 मीटर पुढे असतो.

आणि तुम्हीच पुढे असाल आणि मागचा अपर-डिपर मारत बंपरला लागला असेल तर? त्याला धडा शिकवायला ब्रेक टॅप करू नका, वरचा 50 टक्क्यांचा आकडा आठवा, आणि त्या गाडीत मागच्या सीटवर कोण झोपलंय तुम्हाला माहीत नसतं. आधी आपला पुढचा गॅप वाढवा, दोनचा चार करा. त्याने काय होतं की पुढे काही झालं तर तुम्हाला कचकन ब्रेक लावावा लागत नाही, हळूहळू लावता येतो, आणि मागच्याच्या वाट्याचा वेळपण तुम्हीच त्याला देता. मग इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा, जाऊ द्या त्याला. बाईकवर असाल तर हे लवकर करा, कारण मागून धक्का लागला तर कारवाल्याचा बंपर जातो आणि बाईकवाला रस्त्यावर पडतो, मागून बस येत असते.