झेड ब्रिजवरचा मित्र आणि आयएसओ १००

“रात्रीच्या फोटोत दाणे येतात कारण फोन आयएसओ वाढवतो. प्रो मोडमध्ये आयएसओ १०० लॉक करा. तरी आले तर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस वाढवा, पिवळेपणा पूर्ण काढा, नॉइज रिडक्शन १०० वर न्या आणि शेवटी शार्पनिंग मारा. डीएसएलआरसारखा फोटो मिळेल.”

हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, त्यातला एक सोसायटीचा. म्हणून शनिवारी रात्री दहाला एका मित्राला पुण्यातल्या झेड ब्रिजवर नेलं, स्कूटरला टेकून उभं केलं आणि सगळं सांगितल्याबरहुकूम करून पाहिलं.

आधी आयएसओ, म्हणजे फोन मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा. फोनवर सोडलं तेव्हा त्याने आपल्या मनाने ३२०० घेतला आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाचा २५वा भाग. चेहऱ्यावर दाणे भरपूर. मग १०० लॉक केला, शटर ऑटोवरच ठेवलं. संवेदनशीलता बत्तीस पटींनी कमी झाल्यावर तेवढाच उजेड गोळा करायला फोनला सव्वा सेकंदाहून जास्त वेळ लागला. दाणे खरंच कमी झाले, पण तेवढ्यात मित्राला हसू आवरलं नाही आणि त्याला दोन नाकं आली. तिसऱ्यांदा शटरही २५व्या भागावर बांधून टाकलं. फोटो जवळजवळ काळा. तो एडिटिंगमध्ये उजळला, तर दाणे होते तेवढेच परत आले. वर काळ्या शर्टावर पट्टे उमटले, कारण जेपीजीच्या अंधाऱ्या भागात मोजक्याच छटा शिल्लक असतात आणि त्याच आपण ताणत होतो.

असं का होतं, ते पावसावरून लगेच कळेल. अंगणात शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवा. भुरभुर पावसात एका मिनिटात एकीत चार थेंब पडतील, दुसरीत सात. मुसळधार पावसात मात्र दोन्ही जवळपास सारख्याच भरतील. सेन्सरवरच्या पिक्सेलांचं तसंच आहे. एका पिक्सेलला प्रकाशाचे सरासरी १०० कण मिळाले तर साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे दहा टक्क्यांचा फरक. १०,००० मिळाले तर फरक १०० चा, म्हणजे एक टक्का. एकाच रंगाच्या गालावर शेजारचे पिक्सेल असे कमीजास्त उजळ निघतात, त्यांनाच आपण दाणे म्हणतो. आयएसओ हा त्यानंतर, रेडिओचा आवाज वाढवावा तसा, मिळालेला उजेड वाढवून दाखवायचा खटका. उलट खूप अंधारात तो कॅमेऱ्यातच वाढलेला थोडा बराच, कारण सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखर त्यामुळे तुलनेने दबते. उजेड चौपट केला तर दाणे निम्मे होतात. हिशेब एवढाच, आणि त्यात आयएसओ कुठे येत नाही.

पिवळेपणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी नासाडी तिथे होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या डोक्यावरचा दिवा पिवळा होता. अशा उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे सेन्सरचे निळे पिक्सेल जवळजवळ उपाशीच राहतात. ‘पांढरं पांढरं दिसू दे’ म्हणून व्हाइट बॅलन्स सरकवला की सॉफ्टवेअर त्या उपाशी निळ्याला कित्येक पटींनी गुणतं, आणि त्यातली खरखरही तेवढ्याच पटींनी वाढते. मित्राच्या डोळ्यांखाली आणि हनुवटीच्या सावलीत जांभळट-निळे डाग उठले. जणू कोणीतरी मारलंय. मी पिवळेपणा निम्माच काढला तेव्हा डाग निवळले, आणि रात्रीचा फोटो रात्रीचा वाटला.

नॉइज रिडक्शन १०० वर नेल्यावर त्याची चार दिवसांची दाढी गेली. न्हाव्याने केल्यासारखी गुळगुळीत नाही, गालावर करडा लेप बसला. भुवया ब्रशने ओढल्यासारख्या. दाढीचा खुंट आणि दाणा हे दोन्ही सॉफ्टवेअरला सारखेच, बारीक आणि गडद. इथे एक फरक कळला की बराच फायदा होतो. दाणे दोन जातींचे असतात. एक उजळ-गडद, दुसरे रंगीत, लाल-हिरवे ठिपके. रंगातले बारकावे आपल्या डोळ्याला फारसे कळत नाहीत, त्यामुळे रंगीत दाणे जोरात काढले तरी चेहरा बिघडत नाही. मोबाइलवरच्या लाइटरूममध्ये या दोघांचे स्लायडर वेगवेगळे आहेत. मी Color Noise Reduction ४० वर नेलं आणि साधं Noise Reduction २५ वर थांबवलं. कुठे थांबायचं हे आकड्यावरून ठरवू नका. फोटो पूर्ण मोठा करून एका भुवईकडे बघत स्लायडर सरकवा, आणि केस एकमेकांना चिकटायला लागले की थोडं मागे या. (स्नॅपसीडच्या Details मध्ये जाऊन हेच करू पाहणारे पुष्कळ भेटतात. तिथे फक्त Structure आणि Sharpening आहे, दाणे आणखी उठतात.)

शार्पनिंगला कड आणि दाणा यातला फरक कळत नाही, ते दोन्ही टोकदार करतं. लाइटरूममध्ये Masking ७०-८० वर नेलं की ते डोळे, चष्म्याची काडी अशा कडांपुरतंच उरतं. मी नसतंच केलं तरी चाललं असतं.

शेवटी आम्ही मेसेज बाजूला ठेवला. सोबतच्या तिसऱ्याने आपल्या फोनचा टॉर्च लावला, त्यावर पेपर नॅपकिनची घडी धरली आणि मित्राच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर, थोडं बाजूने उभा राहिला. मी चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक केलं. शटर तेच, सेकंदाचा २५वा भाग, पण फोनने आयएसओ आपणहून ८०० वर आणला. उजेड चौपट, दाणे निम्मे. शिवाय टॉर्च पांढरा, म्हणजे उपाशी निळ्यालाही पोटभर मिळालं आणि डाग उठलेच नाहीत. मागचा पूल नारिंगी राहिला, तो तसाच छान दिसतो. टॉर्च आणखी जवळ आणला तर उजेड झपाट्याने वाढतो, पण मित्र डोळे मिचकावतो.

नाइट मोडही करून पाहिला. तो एकामागून एक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो. नऊ फ्रेम नीट जुळल्या तर दाणे एकतृतीयांश होतात. पण जो भाग हलला, तिथल्या फ्रेम त्याला टाकून द्याव्या लागतात. म्हणून कठडा गुळगुळीत आणि चेहरा दाणेदार असा फोटो आला, तर समजायचं की मित्र हलला. ‘तीन सेकंद बोलू नकोस’ एवढं सांगणं पुरतं. आमच्यावेळी नाही पुरलं.

आणि पाठवण्याआधी फोटो लहान करा. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १६०० चा केला की साधारण सहा पिक्सेलांची सरासरी एकात जाते आणि दाणे अडीच पटींनी कमी दिसतात. दाढीही बऱ्यापैकी शाबूत राहते.

मित्राने डीपीला मात्र दोन नाकांचाच फोटो लावलाय. तेवढ्याशा गोलात ते दिसतही नाही.